दोन रंगांत अंक छापायचाय, टिंट आणि ओव्हरप्रिंटबद्दल मदत हवी आहे

आमचा ६४ पानी दिवाळी अंक, ५०० प्रती, मॅपलिथो कागद, ऑफसेट. चार रंग परवडत नाहीत म्हणून काळा + विटकरी असे दोनच, म्हणजे प्लेटा निम्म्या. InDesign मध्ये विटकरी स्पॉट स्वॉच केलाय, त्याचे २०% आणि ५०% टिंट चौकटींना दिलेत.

१००% काळा मजकूर आपोआप ओव्हरप्रिंट होतो, तो नीट आहे. पण विटकरी पट्टीवर ४०% काळा टाकून मला गडद तपकिरी, म्हणजे जवळपास फुकटात तिसरा रंग हवा होता, तिथे राखाडीच आला कारण काळ्याचा टिंट खालचा रंग कापतो. मग Attributes मध्ये Overprint Fill लावलं, आता Separations Preview मध्ये दोन्ही प्लेटांवर बरोबर दिसतंय.

अडचण पुढेच आहे, स्पॉटची जाळी काळ्याच्याच ४५ अंशांवर निघाली तर दोन टिंट एकमेकांवर येऊन मोआरे पडेल अशी भीती वाटतेय. प्रेसवाले म्हणतात फाइल तुम्हीच नीट द्या, आणि छापील प्रूफ काढायला पैसे नाहीत.

तर स्पॉट काढून सगळं विटकरी मॅजेंटा प्लेटवर टाकू (ती सहसा ७५ अंशांवर असते) आणि मशीनवर मॅजेंटाऐवजी विटकरी शाई भरायला सांगू, की स्पॉटच ठेवून प्लेटवाल्याला कोन बदलायला सांगू? कोणी प्रत्यक्ष केलंय का?