अनुभव धागा: ॲप स्टोअरच्या रिव्ह्यूत अडकलं, क्लायंटला मेल काय लिहिलंत?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या फ्रीलान्स मंडळींसाठी हा धागा. काम झालंय, पण स्टोअर ॲप सोडत नाही आणि माइलस्टोन लटकलाय. अशा वेळी क्लायंटला काय लिहिलंत? मेल असेल तर तेच टाका, नावं गाळून.

रावेरकर
केळीच्या एका व्यापाऱ्याचं ॲप होतं. शेतकरी मोबाइल नंबर टाकणार, ओटीपी येणार, मग भाव दिसणार. आयफोनचं ॲप परत आलं: Guideline 2.1, लॉगिन होत नाही. तपासणारा कुठल्या देशात बसलेला, त्याच्याकडे भारतीय नंबर कुठून येणार? चाचणीसाठी ठरलेला ओटीपी ठेवू, असं मी आधी सुचवलं होतं. शेठ म्हणाले, सुरक्षित नाही. ते मेलमध्ये उकरून काढलं नाही. मेल असं:

> नमस्कार दादा,
> आयफोन ॲप या शुक्रवारी स्टोअरवर येणार नाही. ॲपलने ते काल परत केलं. ओटीपी भारतीय नंबरवरच जातो, त्यामुळे तपासणाऱ्याला आत शिरता आलं नाही.
> उपाय: एक चाचणी नंबर आणि त्याचा ठरलेला ओटीपी. त्या खात्यात नमुन्याचे शेतकरी आणि नमुन्याचे भाव असतील, तुमच्या खऱ्या नोंदी दिसणार नाहीत. बदल सर्व्हरवर आहे, ॲप नव्याने बांधावं लागणार नाही.
> तुमच्याकडून आज संध्याकाळपर्यंत फक्त होकार हवा. तो आला की रात्रीच पुन्हा पाठवतो. बहुतेक ॲप एका दिवसात तपासून होतात, पण ते माझ्या हातात नाही, म्हणून नवी तारीख देत नाही. रोज संध्याकाळी स्थिती कळवेन.

तासाभरात फोन आला, "कर रे बाबा."

भुसावळची ताई
मेल छान आहे. अशा वेळी "बाकी काही अडचण नाही" असं तुम्ही लिहिलं नाहीत, ते फार बरं केलंत. लॉगिनलाच अडलेला माणूस दारातूनच परत गेलेला असतो. आतलं त्याने पाहिलेलंच नसतं. माझ्या एका कामात लॉगिन सुटलं आणि लगेच दुसरा नकार आला, 5.1.1(v): ॲपमध्ये खातं उघडता येतं तर ॲपमधूनच ते काढूनही टाकता आलं पाहिजे. ३० जून २०२२ पासून ही सक्ती आहे. ते ॲप दुसऱ्याने बांधलेलं, मी मधेच हाती घेतलेलं. तेव्हापासून लिहिते, "आता खरी तपासणी सुरू होईल, आणखी प्रश्न येऊ शकतात." क्लायंट थोडा कुरकुरतो, पण दुसऱ्या नकाराला भडकत नाही.

चाळीसगाव_कोडर
एवढं कशाला लिहायचं? गुगलच्या रिव्ह्यूला १४ दिवस लागतात, असं सांगून मोकळं व्हायचं.

भुसावळची ताई
भाऊ, ते १४ दिवस रिव्ह्यूचे नाहीत. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल, तर क्लोज्ड टेस्टमध्ये किमान १२ जण सलग १४ दिवस राहावे लागतात. त्यानंतर प्रॉडक्शनसाठी अर्ज, आणि रिव्ह्यूचा वेळ वेगळाच. "गुगल तपासतंय" असं लिहिलं तर क्लायंट हातावर हात ठेवून बसतो. खरं लिहिलं, की "आठच माणसं जमलीत, तुमच्या दुकानातली चार द्या", तर तो त्याच दिवशी लिंक पाठवतो. कंपनीच्या नावाचं खातं असेल तर ही अट नाही.

अमळनेरवाला
मन्हंबी तसंच व्हयनं! रिव्ह्यूमुळे क्लायंट नाराज. दोन जणांनी एक स्टार दिला, तो कसा काढायचा?

रावेरकर
दादा, ते लोकांचे रिव्ह्यू. इथे चाललंय ते ॲप स्टोअरवर येण्याआधीच्या तपासणीचं.

धुळ्याचा दुकानदार
मी दुसऱ्या बाजूचा, पैसे देणारा. आखाजीला ॲप सुरू होणार म्हणून पत्रकं छापून बसलो होतो आणि रोज एकच ओळ यायची, "रिव्ह्यूत आहे." शेवटी पोराकडून स्क्रीन मागवली. आदल्या दिवशी Waiting for Review होतं, त्या दिवशी In Review. म्हणजे गाडी हलली होती, पण मला कोणी सांगितलंच नाही. ती स्क्रीन मेलला जोडली असती तर मी फोन केले नसते.

रावेरकर
सणाची तारीख असेल तर ॲप आधीच मंजूर करून रोखून ठेवता येतं. प्रकाशन हाताने करायचं निवडलं की मंजुरीनंतर Pending Developer Release दिसतं आणि सकाळी बटण दाबायचं. आम्ही क्लायंटला ती तारीख कामाच्या सुरुवातीलाच विचारतो.

नंदुरबार_फ्रीलान्सर
पैशाचं कोणी बोलत नाही! मी करारात माइलस्टोन "स्टोअरला पाठवलं" असा ठेवतो, मंजुरी माझ्या ताब्यात नसते.

धुळ्याचा दुकानदार
पाठवलेल्या ॲपचं मी काय करू? गिऱ्हाइकाला ते दिसतच नाही. मी "लाइव्ह" झाल्याशिवाय पैसे देत नाही.

भुसावळची ताई
मी निम्मे पाठवल्यावर घेते, निम्मे मंजुरीनंतर. पण नकार क्लायंटच्या मजकुरामुळे किंवा फोटोंमुळे आला तर निम्मे किती दिवस अडकवायचे, यावर माझं आणि एका क्लायंटचं अजून जमलेलं नाही.