एग्रीमेंट आणि कॉन्ट्रॅक्ट: दोन्हींना 'करार' लिहिण्यातली अडचण

"कायद्याच्या पेपरात मराठीत उत्तर लिहिताना एग्रीमेंट आणि कॉन्ट्रॅक्ट दोन्हींना करार लिहिलं तर गुण जातात का?"

जातात, कारण मुद्दाच पुसला जातो. १८७२ च्या भारतीय संविदा कायद्याचं कलम २(एच) म्हणतं की कायद्याने अंमलात आणता येणारा करार म्हणजे संविदा. दोन्हीकडे 'करार' लिहिलं तर ही व्याख्या 'करार म्हणजे करार' अशी होते. म्हणून एग्रीमेंटला करार, कॉन्ट्रॅक्टला संविदा.

खरी पंचाईत पुढच्या जोडीत होते. व्हॉइड म्हणजे शून्य, व्हॉइडेबल म्हणजे शून्यकरणीय. समजा, सतरा वर्षांच्या मुलाने घर गहाण ठेवलं. उत्तरात 'संविदा रद्द होईल' लिहिलं तर दोन चुका होतात. 'रद्द होईल' म्हणजे तोवर ती वैध होती, आणि संविदा तर मुळात झालीच नाही. मोहरी बीबी खटल्यानुसार (१९०३) बरोबर वाक्य: 'अल्पवयीनाचा करार प्रारंभापासूनच शून्य आहे.' उलट जबरदस्तीने संमती घेतली असेल तर कलम १९ प्रमाणे 'ज्याची संमती तशी मिळवली, त्या पक्षाच्या इच्छेनुसार शून्यकरणीय'. यातला 'इच्छेनुसार' हा शब्द गाळू नका, शून्यकरणीयचा सगळा अर्थ त्यातच आहे. पहिल्या वापराला शेजारी इंग्रजी संज्ञा लिहा आणि शेवटपर्यंत तोच मराठी शब्द ठेवा; मध्येच 'रद्दबातल' आला की परीक्षकाला तो तिसरा प्रकार वाटतो.