लोककथांच्या बालपुस्तक मालिकेसाठी टॅगलाइन हवी, सल्ला द्या

सूरसागरकाठी
नमस्कार मंडळी. बडोद्यात मुलांची पुस्तकं काढणारं एक लहानसं प्रकाशन आहे, तिथे मी संपादनाचं काम बघते. लोककथा नव्याने लिहून घेतलेली आठ पुस्तकांची मालिका येतेय, वय चार ते आठ. चिऊ-काऊ आहे, भोपळ्यातली म्हातारी आहे, टोपीवाला उंदीर आहे, आणि दोन गोष्टी गुजरातीतून मराठीत आणल्यात. चोवीस पानी, मध्ये पिना मारलेली पुस्तकं. मालिकेचं नाव ठरलंय (ते इथे फोडत नाही, माफ करा), अडलंय ते त्याखालच्या ओळीवर.

ऑफिसात तीन ओळी फिरतायत:
जुन्या गोष्टी, नव्या रंगात
आजीच्या गोष्टी, जशाच्या तशा
आटपाट नगरातून थेट तुमच्या घरात

मालकांना पहिली आवडते, मला एकही नाही. पण का नाही, ते नीट मांडता येत नाहीये. गुरुवारी कव्हर छपाईला जायचंय.

पिनाकी_७७
दुसरी घ्या. आजी म्हटलं की आईबाप पाघळतात, प्रदर्शनात बघितलंय मी. यमक मात्र हवंच. यमकाशिवाय टॅगलाइन डोक्यात राहत नाही. आणि ठरली की लगेच कॉपीराइट करून टाका, नाहीतर उद्या कोणीही उचलेल.

दांडियाबाजारचे_काका
मालिकेला नाव सुचवतो: 'बालकथा मंजूषा'. माझ्या आईच्या ओव्या मी स्वखर्चाने छापल्या, तेव्हा हेच नाव मनात होतं. तीनशे प्रती काढल्या, एकशे नव्वद अजून माळ्यावर आहेत. कोणाला हव्या असतील तर कळवा, टपालखर्च माझा.

सूरसागरकाठी
काका, नाव झालंय, खालची ओळ हवी आहे. पण ओव्यांची एक प्रत मला नक्की द्या, येऊन घेऊन जाईन.

जुना_प्रूफवाला
तीस वर्षं प्रुफं तपासली आणि कव्हरांवरच्या ओळींवरून भांडणंही पुष्कळ केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक विचारतो. 'जशाच्या तशा' असं छापताय, पण गोष्टी खरंच जशाच्या तशा आहेत का? चिऊ-काऊचा शेवट काय ठेवलाय? आमच्या घरी चिऊताई दार उघडते आणि भिजलेल्या कावळ्याला म्हणते, गारठलास ना, जा, त्या तव्यावर बस. तो बसतो आणि भाजतो. तुमच्या पुस्तकात भाजतो का?

सूरसागरकाठी
नाही. आमच्यात चिऊताई त्याला कोपऱ्यात बसवते आणि पाऊस थांबल्यावर दोघं मिळून घर बांधतात, या वेळी काड्यांचं. चित्रकाराने तवा काढलाय, पण तो विझलेल्या चुलीवर. लेखिका म्हणाली, चार वर्षांच्या मुलाला भाजलेला कावळा नको.

जुना_प्रूफवाला
मग दुसरी ओळ आजच बाद करा. कावळा भाजू नये हा तुमचा निर्णय, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण जिने ती गोष्ट तव्यासकट ऐकलीय अशी आई 'जशाच्या तशा' वाचून पुस्तक घेणार. रात्री वाचून दाखवताना शेवटच्या पानावर अडखळणार. चार दिवसांनी तुम्हाला फोन येणार, की ही आमची गोष्ट नाही. कव्हरवरची ओळ म्हणजे वाचणाऱ्याला दिलेला शब्द असतो. नव्याने लिहिलेल्या लोककथेत 'तशीच', 'अस्सल', 'मूळ' हे शब्द सगळ्यात आधी अंगावर येतात, कारण मूळ असं एक नसतंच, घरागणिक वेगळं असतं.

आटपाट नगराचं दुखणं निराळं आहे. 'आटपाट नगर होतं' ही सुरुवात आपल्या कानाला श्रावणातल्या कहाण्यांची आहे. व्रत, वसा, उतू नये मातू नये, आणि शेवटी साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. तुमच्या यादीत तर सगळे उंदीर, कावळे, भोपळे. ती ओळ वाचून एखादी आजी शुक्रवारच्या कहाणीचं पुस्तक समजून उचलेल.

पहिलीत खोटं काही नाही, पण तिच्यात काहीच नाही. एक करून बघा: तुमच्या प्रकाशनाच्या जागी साड्यांच्या दुकानाचं नाव घाला. 'जुन्या गोष्टी'ऐवजी 'जुनी नक्षी, नव्या रंगात'. कशी चपखल बसते! बडोद्यात पूर्वी सयाजी साहित्यमाला, सयाजी बालज्ञानमाला निघाल्या, तिथे मालेचं नावच पुरेसं बोलायचं. खालची ओळ घालायचीच असेल, तर नावाने न सांगितलेलं काहीतरी तिने सांगावं.

पिनाकी, चार-पाच शब्दांच्या ओळीला सहसा कॉपीराइट मिळत नाही. तिला जपायचं तर ट्रेडमार्कची वाट, छापील पुस्तकांसाठी वर्ग 16. तिथेही 'आजीच्या गोष्टी' यासारख्या निव्वळ वर्णनाला हरकत येते. तो खर्च करायचाच तर मालिकेच्या नावासाठी करा.

पिनाकी_७७
बरं, कॉपीराइटचं मागे घेतो. यमकाचं मात्र नाही.

दोन_पिल्लांची_आई
मी सांगू का, ही पुस्तकं घेणार कोण? माझी दोघं घरी मराठी बोलतात, शाळा गुजराती. देवनागरी हिंदीमुळे येते, पण मराठी पुस्तक आपणहून नाही उघडत, वाचून दाखवायला मीच लागते. मग ओळ मुलांसाठी आहे की माझ्यासाठी?

आणि गंमत म्हणजे भोपळ्याची गोष्ट त्यांना समोरच्या बेनने आधी सांगितली. 'दीकरीने घेर जावा दे, ताजीमाजी थावा दे.' मी रात्री 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन' म्हटलं, तर धाकटा म्हणतो, मम्मी, तू चुकतेस.

सूरसागरकाठी
हे वाचून ऑफिसात सगळे हसले! आणि तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आम्ही तिन्ही ओळी कोणाशीच न बोलता लिहिल्यात.

मग गोष्टींतलीच ओळ उचलली तर? 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' मोडून 'टुणूक टुणूक, घरोघरी'. किंवा चिऊ-काऊतून, 'दार उघड, गोष्ट आली'.

पिनाकी_७७
टुणूक टुणूक! डोळे मिटून हीच घ्या.

जुना_प्रूफवाला
कानाला गोड आहे, मान्य. पण ओळ आठही कव्हरांवर जाणार ना? उंदराच्या टोपीवर टुणूक टुणूक बघून मूल भोपळा शोधत बसेल. एका गोष्टीचं पालुपद मालिकेच्या कपाळी लावलं की बाकीची सात पोरकी होतात. 'दार उघड' त्यातल्या त्यात चालेल, पुस्तकाचं कव्हरही दारासारखं उघडतं. तरी आठही कव्हरांचे प्रिंट भिंतीवर लावा आणि प्रत्येकाखाली ओळ मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळेल ते पुस्तक बघा.

दोन पिल्लांच्या आईंनी खरी गाठ सोडवली आहे. ओळ वाचून दाखवणाऱ्या माणसाशी बोलू दे. त्याने ही गोष्ट लहानपणी कुठेतरी ऐकलीय, अर्धी विसरलाय, आणि आता सांगायची पाळी त्याची आहे. मी अशी लिहीन:

ऐकली होती ना? आता सांगा.

जशीच्या तशी असल्याचा दावा नाही. सांगणारा बदलला की गोष्ट थोडी बदलणार, हे यात न बोलता येतं, त्यामुळे तुमचा न भाजलेला कावळाही सुखरूप. गुजराती शेजारणीकडून ऐकलेली असली तरी चालते.

मकरपुऱ्याचा_भाचा
मी हॉस्टेलमध्ये वाढलो, मला कोणी काही सांगितलं नाही. ही ओळ वाचून मला 'परीक्षेला का बसला नाहीस' असं विचारल्यासारखं वाटलं. खोटं नाही बोलत.

जुना_प्रूफवाला
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. 'ना' काढलं तर आणखीच उलटतपासणी होते. विचार करतो.

दोन_पिल्लांची_आई
नुसतं 'तुम्ही सांगा, ते हूं म्हणतील' असं? माझे आजोबा हूं म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य सांगायचे नाहीत. मध्येच थांबून बघायचे, झोपलोय की जागे.

सूरसागरकाठी
अहाहा, हूं! आमच्याकडेही असंच होतं.

मकरपुऱ्याचा_भाचा
ही मलाही चालेल. यात माझी परीक्षा नाही.

अक्षरजुळारी
उशिरा आलो, पण छपाईला जायच्या आधी एक ऐका. मी रावपुऱ्यात डीटीपी करतो. ओळीत 'ऱ्या' येऊ देऊ नका, आणि आलाच तर प्रुफात भिंग लावून बघा. गेल्या वर्षी एका कव्हरवर 'सांगणाऱ्यांच्या गोष्टी' होतं. फाइल गुजराती ऑपरेटरच्या मशीनवर उघडली, फाँट बदलला आणि छापून आलं 'सांगणार्यांच्या', रफार य-वर. गुजरातीत हा आडवा र नाहीच, त्याला बिचाऱ्याला चूक दिसणार कशी? हजार कव्हरं गेली. ओळ छापायला देताना अक्षरांचं चित्र करून द्या, म्हणजे फाँट बदलण्याचा प्रश्नच नाही.

दुसरं, चोवीस पानी पिनेच्या पुस्तकाला कणा नसतो, म्हणजे कपाटात उभं ठेवल्यावर ओळ काय, नावही दिसत नाही. मोबाइलवर कव्हर नखाएवढं, तिथेही ओळ वाचता येणार नाही. मागचं कव्हर आणि प्रदर्शनातली स्टँडी, एवढ्याच ठिकाणी ती खरी वाचली जाईल. पुढे मालिकेच्या नावाला मोकळं सोडा.

सूरसागरकाठी
आभार. आज आठ कव्हरं भिंतीवर लावून तीन ओळी मोठ्याने वाचल्या. 'दार उघड' दोन गुजराती गोष्टींवर लुळी पडली. 'ऐकली होती ना' आणि 'हूं म्हणतील' राहिल्या. शिपाईकाका दुसरीला आपसूक 'हूं' म्हणाले, हे मी मुद्दाम मालकांच्या कानावर घातलंय. ते अजून नव्या रंगातच आहेत. पुढच्या कव्हरवर काहीच नको, मागेच छापू, इतकं मात्र त्यांनी कबूल केलं.

दांडियाबाजारचे_काका
हूं-वाली चांगली आहे. फक्त 'हूं' दीर्घ की 'हुं' ऱ्हस्व, ते आधी ठरवा. आमच्या ओव्यांच्या पुस्तकात दोन्ही छापून आलंय, एकाच पानावर.

जुना_प्रूफवाला
दीर्घ ठेवा काका, झोपाळू मूल लांबवूनच म्हणतं.