सहावा महिना, घोळणा फुटतोय आणि नाक चोंदलेलं. मदत हवी आहे

विश्रामबागवाली: सांगलीत राहते, चोविसावा आठवडा सुरू आहे. पंधरा दिवस झाले, रात्री नाक गच्च चोंदतं. सर्दी नाही, ताप नाही, शिंकाही नाहीत. काल पहाटे बेसिनपाशी नाक शिंकरलं आणि घोळणा फुटला. डोकं मागं टाकून बसले, तर रक्त घशात उतरलं आणि उलटी झाली. कपाळ दिवसभर ठणकतंय. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, सब्जा पी. बाळाला काही होणार नाही ना?

कोरेगावचा_काका: उष्णताच. कांदा फोडून हुंगायचा, थांबतंय. आमच्या धाकट्याचा दर उन्हाळ्यात फुटतो.

मिरज_सिस्टर: काका, मुलाचं वेगळं. मी प्रसूती वॉर्डात नोकरी केलीय. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, आणि इस्ट्रोजेन वाढल्यानं नाकाच्या आतली कातडी सुजते. म्हणून सर्दी नसताना नाक चोंदतं. तिथल्या बारीक शिरा फुगलेल्या असतात, जोरात शिंकरलं की फुटतात.

ताई, डोकं मागं नको. बसून पुढं वाका, नाकाचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी दाबा, तोंडानं श्वास घ्या. घड्याळ लावून दहा मिनिटं, मध्ये सोडून बघायचं नाही. तोंडात आलेलं रक्त थुंका. अर्ध्या तासात थांबलं नाही किंवा खूप वाहू लागलं तर थेट दवाखाना. एरवी एवढ्याशा रक्तानं बाळाला काही होत नाही.

वाईकर_अमृता: मला सातव्या महिन्यात हेच. दुकानातून नाक मोकळं करायचे थेंब आणले, आठवडाभर घातले. सोडले की दुप्पट चोंदायचं!

मिरज_सिस्टर: ते थेंब शिरा आवळतात, सवय लागते. डॉक्टरांना न विचारता नकोच. साधे सलाईनचे थेंब चालतात, झोपताना उशी उंच घ्या. नाक कोरडं पडत असेल तर आत अगदी थोडं व्हॅसलीन.

डोकेदुखीचं मात्र सगळं नाकावर ढकलू नका. विसाव्या आठवड्यानंतर डोकं जोरात दुखलं, डोळ्यांपुढं चमकलं, तोंड-हात एकदम सुजले किंवा उजवीकडं बरगडीखाली दुखलं, तर त्याच दिवशी बीपी मोजून घ्या. १४०/९० किंवा वर असेल तर लगेच डॉक्टरांकडं. दुखण्यावर पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. आयबुप्रोफेन नको.

विश्रामबागवाली: आज परत फुटला. मोबाईलवर दहा मिनिटं लावली. चौथ्या मिनिटाला हात सोडावासा वाटला, पण नाही सोडला. थांबलं! बीपी शेजारच्या दवाखान्यात ११०/७०. पण मला बीपी वाढू नये म्हणून अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी दिलीय, तिनं तर रक्त येत नसेल? बंद करू का?

वाईकर_अमृता: बंदच कर की.

मिरज_सिस्टर: नको अमृता. तिनं रक्त थांबायला वेळ लागू शकतो हे खरं, पण ती कशासाठी दिलीय ते डॉक्टरांनाच माहीत. मनानं सोडू नका, आजच फोन करून विचारा.

कोरेगावचा_काका: पुढं वाकून दाबायचं हे धाकट्यालाही चालेल का?

मिरज_सिस्टर: चालेल की. कांदा भाजीत घाला.

विश्रामबागवाली: डॉक्टरांचा फोन लागत नाहीये. संध्याकाळी परत करते, काय म्हणतात ते इथंच लिहिते.