शब्दचर्चा: रिपोर्टातलं ‘रेमिशन’, आणि डॉक्टर ‘बरा झाला’ का म्हणत नाहीत?

वाळव्याचा मामा: भाचा सहा वर्षांचा आहे. रक्ताचा कॅन्सर, एएलएल. इंडक्शनचा, म्हणजे सुरुवातीच्या केमोचा, पहिला महिना संपल्यावर कमरेच्या हाडातला मगज काढून तपासला. एका कागदावर ‘मॅरो इन रेमिशन, ब्लास्ट २ टक्के’ असं आहे, दुसऱ्यावर ‘एमआरडी निगेटिव्ह, ०.०१ टक्क्यापर्यंत’. डॉक्टरांना विचारलं, बरा झाला म्हणायचं का? ते म्हणाले, “रेमिशनमध्ये आलाय म्हणा.” आता घरात दोन तट पडलेत. ताई म्हणते अजून २ टक्के राहिलाय. आबा म्हणतात रिपोर्ट चांगला आहे, मग पोराला अजून दोन वर्षं औषधं कशाला? या शब्दाला मराठीत काय म्हणू, म्हणजे दोघांनाही कळेल?

सांगली कोर्टातला: आमच्याकडं रेमिशन म्हणजे शिक्षेतली सूट. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ४३२ मध्ये होतं. दोषी ठरवणारा निकाल तसाच राहतो, फक्त भोगायची मुदत कमी होते. सूट अटीवर दिली असेल आणि अट मोडली, तर सूट रद्द होऊन उरलेली शिक्षा भोगावी लागते. त्यामुळं ‘सूट’ किंवा ‘माफी’ म्हणा.

वाळव्याचा मामा: दादा, ‘माफी’ म्हटलं तर आबा उद्याच पेढे वाटतील. शिवाय पोरानं काय गुन्हा केलाय? तो शब्द घरात नको वाटतो.

तासगावकर: एवढं अवघड काही नाही. रेमिशन म्हणजे तात्पुरतं बरं. ५ वर्षं निघाली की क्युअर. डॉक्टर आधी बोलत नाहीत, कारण उद्या उलटलं तर नातेवाईक दवाखान्यात येऊन भांडतात.

मिरज, लॅबमधून: मी बरीच वर्षं मगजाच्या काचा बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ताईंची भीती. ब्लास्ट म्हणजे कोवळ्या पेशी. २ टक्के ब्लास्ट म्हणजे २ टक्के कॅन्सर उरला असं नाही. धडधाकट माणसाच्या मगजातही थोड्या कोवळ्या पेशी असतातच, आणि केमोनंतर मुलांचा मगज पुन्हा भरायला लागतो तेव्हा त्या आणखी दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली चांगली कोवळी पेशी आणि रोगाची पेशी बऱ्याचदा सारखीच दिसते. म्हणून रीत अशी पडली, की ब्लास्ट ५ टक्क्यांच्या खाली आणि रक्तातल्या पेशी सुधारलेल्या असतील तर रेमिशन लिहायचं. रोग ‘आम्हाला दिसत नाही’, एवढंच ते विधान आहे.

आता आबांचा प्रश्न. निदान होतं तेव्हा अशा मुलाच्या अंगात रोगाच्या पेशी ढोबळमानानं लाख कोटीच्या घरात असतात. केमोनं त्यातल्या शंभरातल्या नव्व्याण्णव मारल्या, तरी हजार कोटी उरतात, आणि तेवढ्या उरल्या असतानाही काचेवर ‘रेमिशन’च दिसू शकतं. एमआरडी, म्हणजे उरलेला रोग शोधणारी बारीक चाचणी, पेशीवरच्या खुणा ओळखते, त्यामुळं दहा हजारांत एक वाईट पेशी असली तरी पकडते. पण ती निगेटिव्ह आली तरी अंगात दहा कोटींपर्यंत पेशी असू शकतात. कदाचित एकही नसेल. या दोन मुलांचा कागद अगदी सारखाच येतो. डॉक्टर अडखळतात ते इथं. तासगावकर, भांडणाची भीती कुणाला असेलही, पण बरा झाला की नाही हे त्या दिवशी कळायचा मार्गच नसतो, हे खरं कारण.

१९४८ साली अमेरिकेत सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन १६ पैकी १० मुलांत सुधारणा दाखवली. औषध आलं होतं आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूकडून. काचेवर रोग दिसेनासा झाला, आणि काही महिन्यांत परत आला. रेमिशनला ‘तात्पुरतं’ हे विशेषण तेव्हापासून चिकटलंय. पुढं १९६० च्या दशकात मेम्फिसला डोनाल्ड पिंकेल यांनी रोग दिसेनासा झाल्यावरही उपचार वर्षानुवर्षं चालू ठेवले, मेंदूकडं वेगळं लक्ष दिलं, तेव्हा मुलं खरोखर जगायला लागली. आबांना एवढं सांगा: रेमिशन आल्यावर थांबलेल्यांची गोष्ट आधीच घडून गेलेली आहे.

विट्याच्या काकू: मला सात वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, शेक, सगळं झालं. अजून हार्मोनची गोळी चालू आहे. माझ्या कागदावर रेमिशन कधीच आलं नाही, ‘रोगाचा पुरावा नाही’ असंच लिहितात. ५ वर्षं होऊन गेली, तरी डॉक्टर क्युअर म्हणत नाहीत. मग तासगावकरांचा नियम माझ्यासाठी नाही का?

मिरज, लॅबमधून: नाही, काकू. हार्मोनला प्रतिसाद देणारा स्तनाचा कॅन्सर दहा, पंधरा, क्वचित वीस वर्षांनीही डोकं वर काढतो, म्हणून तुमच्या डॉक्टरांचा हात आखडतो. मुलांच्या एएलएलचं वेगळं. तो परत यायचा तर बहुतेक वेळा पहिल्या काही वर्षांत येतो, आणि औषधं थांबवून बरीच वर्षं रोगाविना गेली की मुलांचे डॉक्टर ‘बरा झाला’ म्हणतातही. ५ हा आकडा सगळ्या कॅन्सरांना लावायचा नसतो.

तासगावकर: मान्य. पण मग एमआरडीवर तरी भरवसा ठेवायचा का?

मिरज, लॅबमधून: ठेवायचा, त्याची हद्द ओळखून. मगज ओढताना पहिला ओढा एमआरडीला द्यायचा असतो. दोन-तीन नळ्या भरून झाल्यावर उरलेलं पाठवलं, तर त्यात रक्तच जास्त मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. चांगला रिपोर्ट ‘नमुना पातळ आहे’ अशी नोंद करतो. मामा, ती ओळ तुमच्या कागदावर आहे का, बघा. दुसरं, कमरेच्या हाडातला थेंब मेंदूभोवतीच्या पाण्याबद्दल किंवा मुलाच्या वृषणाबद्दल काही सांगत नाही. रोग तिथं लपून राहू शकतो. पाठीतली इंजेक्शनं रेमिशननंतरही चालतात ती मेंदूकडच्या रोगासाठीच.

वाळव्याचा मामा: बघितलं. ‘नमुना पुरेसा’ असं लिहिलंय. आबांना लाख कोटीचा हिशेब सांगितला. दहा कोटी ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, “गोळी कुठली, ते मला दाखव.”

मिरज, लॅबमधून: दाखवाच, आणि तेव्हा एक नीट सांगा. पुढं मेंटेनन्स, म्हणजे गोळ्यांचा लांबचा टप्पा, सुरू होईल, तेव्हा मर्काप्टोप्युरीन रोज असतं आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. घरात दोन माणसं गोळ्या देत असली की मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिलं जातं, आणि त्यानं जीव धोक्यात येतो. वार ठरवा, कॅलेंडरवर लिहा.

साताऱ्याचे मराठीचे मास्तर: शब्दाचं राहिलं. आपल्याकडं ‘आजाराला उतार पडला’ म्हणतात. उतार पडलेला आजार उलटू शकतो हे त्यात गृहीत आहे, आणि बरा झाला असा दावाही नाही. मी ‘उतार’ सुचवतो.

सांगली कोर्टातला: उतार म्हणजे ताप कमी झाल्यासारखं वाटतं. इथं तर तपासणीत काहीच दिसत नाहीये. ‘उपशम’ कसा?

विट्याच्या काकू: उपशम माझ्या जावेला कळणार नाही. आमच्याकडं सगळे ‘रिपोर्ट निल आला’ म्हणतात.

मिरज, लॅबमधून: ‘निल’ मात्र नका म्हणू, काकू. निल म्हटलं की गोळ्या बंद होतात, असं मी पाहिलंय. ‘उतार’ला माझी हरकत नाही, पण त्याच्यासोबत ‘तपासणीत दिसत नाही’ हे सांगायलाच लागेल.

साताऱ्याचे मराठीचे मास्तर: मग तो एक शब्द राहिला नाही, वाक्य झालं.

वाळव्याचा मामा: वाक्य चालेल, मास्तर. ताईनं फाईलवर पेननं लिहिलंय: ‘तपासणीत रोग दिसत नाही, औषध चालू.’