मदत हवी: चेक बाऊन्सची केस फौजदारी, मग भार आरोपीवर कसा काय?

एलएलबी पहिलं वर्ष, एव्हिडन्सचा पेपर आहे. सरांनी दिलेलं उदाहरण असं, अ म्हणतो मी ब ला 4 लाख रोख हातउसने दिले, त्याचा चेक बाऊन्स झाला. ब म्हणतो सही माझी आहे पण चेक कोरा होता, भिशीसाठी सिक्युरिटी म्हणून दिलेला. अ कडे कागद काहीच नाही, पासबुकात 40 हजार. फौजदारीत सरकार किंवा फिर्यादीने सिद्ध करायचं ना, मग सही कबूल केली की ब अडकला असं का? आणि अ ने दिवाणी दावाही लावला तर दोन्हीकडे निकाल सारखाच लागेल का?

कोर्टकचेरी: सोपंय, फौजदारी म्हणजे वाजवी शंकेपलीकडे. ब ने नुसती शंका निर्माण केली की सुटला.

जुना_वकील: अर्धं बरोबर. सही कबूल झाली की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 139 लागतं, म्हणजे चेक देणं फेडायलाच दिला असं कोर्ट गृहीत धरतं, आणि सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या रंगप्पा निकालापासून हे गृहीतक कर्ज होतं इथपर्यंत जातं. त्यामुळे नुसतं 'मी काही घेतलं नव्हतं' म्हणून भागत नाही, ब ची बाजू संभवनीय वाटायला हवी. पण त्याचं माप हलकं आहे, दिवाणीतलंच, म्हणजे पारडं त्याच्याकडे झुकलं तरी पुरे. आणि तेवढं झालं की गृहीतक गळून पडतं, मग अ ला कर्ज खरंच दिलं हे स्वतःच्या पुराव्यावर सिद्ध करावं लागतं, ते मात्र वाजवी शंकेपलीकडे.

भिशीवाली_ताई: आमच्या भावाचापण असाच चेक अडकलाय हो, नोटीस आलीये, उत्तर नाही दिलं तर चालेल का?

जुना_वकील: ताई, उत्तर द्याच, वकिलाकडून. फिर्यादीकडे एवढे पैसे होते कुठून हे त्यातच विचारा, नंतर कोर्टात पहिल्यांदा विचारलं तर ते जड जातं.

धागाकर्ता: मग ब ला साक्षीला उभं राहावंच लागेल ना?

जुना_वकील: सक्ती नाही. बसलिंगप्पा (2019) वाच, रक्कम 6 लाख, फिर्यादी 1997 ला निवृत्त झालेला बस कंडक्टर. पैसे आणले कुठून हा प्रश्न त्याच्याच पुराव्यातून उभा राहिला आणि आरोपी सुटला. तुझ्या उदाहरणात अ च्या उलटतपासणीत 40 हजारांचं पासबुक दाखवून 4 लाख कुठून काढले, कुठल्या तारखेला दिले हे विचारायचं. दिवाणी दाव्यात त्याच कायद्याच्या कलम 118 चं, चेक मोबदल्यापोटी दिला हे गृहीतक आहेच, पण तिथे ते मोडलं तरी अ ला दोन साक्षीदारांवर पारडं पुन्हा आपल्याकडे झुकवता येतं. म्हणून फौजदारीत सुटलेल्या ब वर दिवाणीत हुकूमनामा होऊ शकतो.

कोर्टकचेरी: पण मग शंका आणि संभवनीय बाजू यात फरक किती उरतो? मॅजिस्ट्रेट कोर्टात दोन्ही एकच धरलेले पाहिलेत मी.

जुना_वकील: तेही होतं. पेपरात मात्र वेगळं लिहा, नुसत्या शंकेवर गृहीतक मोडत नाही.

धागाकर्ता: आणि अ म्हणाला रोख घरातच ठेवलेली होती, तर?