अनुभव धागा: प्रायोजकत्व दिलं खरं, पण वसूल झालं का?

दोनचाकी

माझं सायकल विक्री-दुरुस्तीचं छोटं काम आहे. दोन वर्षं एका नाट्यमहोत्सवाला आणि एकदा मुलांच्या फुटबॉल स्पर्धेला पैसे दिले. मंचामागे नाव लागलं, निवेदकाने तीनदा उच्चारलं, मला स्मृतिचिन्ह मिळालं. आता तेच लोक पुन्हा आले आहेत. "मागच्या वेळी फायदा झालाच असेल ना?" असं त्यांनी विचारलं आणि मला धड हो म्हणता येईना, धड नाही म्हणता येईना.

ज्यांनी असे पैसे देऊन नंतर खरोखर हिशेब मांडला आहे, त्यांनी इथे लिहावं. आकडे द्यायचे नसतील तर प्रमाण सांगितलं तरी चालेल. फसलेले अनुभव आधी.

व्यायामशाळावाला

मी सोपा हिशेब करतो. कार्यक्रमाला किती माणसं आली ते विचारायचं आणि दिलेल्या रकमेला त्या आकड्याने भागायचं. माणशी खर्च पत्रकं वाटण्यापेक्षा कमी आला तर सौदा चांगला. गेल्या स्पर्धेत तो पत्रकांच्या निम्म्याहून कमी आला होता. आणखी काय मोजायचं?

काचघर

व्यायामशाळावाला, मीही आधी असंच मोजायचे. माझं चष्म्याचं दुकान आहे. गेल्या वर्षी धावण्याच्या एका स्पर्धेची सहप्रायोजक होते, आणि त्या वेळी पहिल्यांदाच वही घेऊन बसले. सविस्तर लिहिते.

आयोजकांना दिलेली रक्कम १०० भाग धरा. त्याशिवाय फलक, कूपनांची छपाई, दोन दिवस मोफत दृष्टितपासणीचं टेबल आणि तिथे बसलेल्या माणसाचा पगार असे आणखी ४० भाग गेले. म्हणजे खर्च १४०. बहुतेक जण हे ४० विसरतात, मीही विसरले होते.

धावपटूंना देण्याच्या ८०० पिशव्यांत आमचं सवलतीचं कूपन टाकलं. पुढच्या सहा आठवड्यांत त्यातली ६२ परत आली. सरासरी बिल ८ भागांचं, म्हणजे विक्री ४९६. खर्चाच्या साडेतीनपट! मी घरी सांगूनही टाकलं, पुढच्या वर्षी मुख्य प्रायोजक व्हायचं.

मग हिशेब बघणाऱ्या भाचीने एकच प्रश्न विचारला, "मावशी, यातले जुने किती?" ६२ जणांचे फोन नंबर जुन्या नोंदींशी ताडून पाहिले, तर २७ जण आधीपासून आमचेच निघाले. उरलेल्या ३५ पैकी ९ जणांनी बिल करतानाच सांगितलं होतं की चष्मा करायला इथेच येणार होतो, कूपन आयतं हाती पडलं. म्हणजे स्पर्धेमुळे आलेले २६.

आता विक्री नाही, उरलेला पैसा मोजू. चष्म्याची किंमत ९ भाग, त्यात माल ५ चा. सवलत १ ची. नव्या माणसामागे उरले ३. २६ जणांचे ७८. जुन्या २७ जणांना सवलत दिली नसती तरी ते आले असते, म्हणून तिथे २७ भाग हातचे गेले. त्या ९ जणांना दिलेली सवलतही तशीच गेली, म्हणजे आणखी ९. उरले ४२. खर्च १४०.

व्यायामशाळावाला

पण जुनं गिऱ्हाईक कूपनामुळे लवकर आलं, हा फायदा का धरत नाही?

काचघर

तो प्रश्न मलाही पडला होता. चष्मा काही दर महिन्याला लागत नाही. जो आज आला तो चार महिन्यांनी येणार नाही. पुढचे तीन महिने पाहिले, तर जुन्या ग्राहकांची संख्या तेवढ्याच हिशेबात खाली आली होती. तुमच्या व्यायामशाळेत कदाचित वेगळं असेल. महिनाभर आधी नूतनीकरण केलं म्हणून कुणी पुढचं नूतनीकरण सोडत नाही.

उरलेला भागही सांगते. २६ पैकी ११ जण वर्षभरात पुन्हा आले किंवा घरच्या कुणाला घेऊन आले, या वेळी विनासवलत. ४ भागांप्रमाणे ४४. एकूण ८६.

आकडेमोड

काचघर, फारच नेटकी वही. एक जागा राहिली. कूपन घरी विसरून, नुसतं नाव लक्षात ठेवून आलेले लोक यात दिसत नाहीत. त्यासाठी कूपनं बाजूला ठेवून त्या सहा आठवड्यांतले सगळे नवे ग्राहक मोजा आणि आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी ताडून बघा. धंदा मुळातच वाढत असेल तर ती वाढ आधी वजा करायची, नाहीतर तिचं श्रेय फुकट स्पर्धेला जातं.

काचघर

आत्ता वही काढून बसले. आदल्या वर्षी त्या सहा आठवड्यांत नवे ग्राहक १२०. स्पर्धेआधीचे तीन महिने आमचा धंदा आदल्या वर्षापेक्षा ५ टक्क्यांनी वर चालला होता, म्हणजे स्पर्धा नसती तरी १२६ आले असते. प्रत्यक्षात आले १६०. फरक ३४.

आकडेमोड

कूपनवाले २६ त्यात आले. ते ९ जण १२६ मध्येच मोजले गेले, त्यांना पुन्हा धरायचं नाही. उरलेले ८ बिनकूपनचे, विनासवलत, म्हणून ३२ भाग. ८६ अधिक ३२, एकूण ११८. अजूनही तोटाच, पण आता तो तुम्हाला वाटला तेवढा मोठा नाही.

मात्र या ८ वर मी फार भार टाकणार नाही. तुमच्याकडे एरवी आठवड्याला नवे ग्राहक किती कमी-जास्त होतात?

काचघर

एखाद्या आठवड्यात १४, एखाद्यात २७.

आकडेमोड

मग सहा आठवड्यांत ८ चा फरक नुसत्या चढउतारानेही पडू शकतो. म्हणून उत्तर ८६ आणि ११८ च्या मध्ये कुठेतरी आहे, एवढंच म्हणता येईल. छोट्या धंद्यात याहून नेमका आकडा कुणी सांगितला तर मी जरा संशयानेच बघतो.

पडद्यामागे

नमस्कार. आमच्या हौशी नाट्यसंस्थेला तीन वर्षांपासून प्रायोजक मिळेनासे झाले आहेत. प्रस्ताव कसा लिहावा, कुणाला भेटावं, याचं कुणी मार्गदर्शन करेल का?

दोनचाकी

पडद्यामागे, हा धागा पैसे देणाऱ्यांच्या हिशेबाचा आहे हो. पण आलाच आहात तर एक खरं सांगा, प्रस्तावात प्रेक्षकसंख्या कुठून आणता?

पडद्यामागे

अरेच्चा, चुकलंच. पण विचारलंत तर सांगतो. आम्ही छापलेल्या प्रवेशिकांचा आकडा लिहितो. मोफत प्रवेशिका असल्या की खुर्च्या बऱ्याच रिकाम्या राहतात. शिवाय तीन प्रयोगांना तेच रसिक तीनदा येतात, ते आमच्याकडे तीन माणसं म्हणून मोजले जातात. खोटं बोलायचा हेतू नसतो, पण दारावर मोजणारा माणूसच नसतो.

आकडेमोड

व्यायामशाळावाला, तुमच्या भागाकाराची अडचण ती हीच. ज्या आकड्याने भागता तोच असा येतो. आणि तो बरोबर असला तरी त्यातले किती जण रोज तुमच्याकडे येण्याइतक्या अंतरावर राहतात? व्यायामाला कुणी तासभर प्रवास करून येत नाही. आयोजकांकडे नोंदणी असेल तर भागवार संख्या मागा. नुसती संख्या, नावं नकोत.

पडद्यामागे, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. दारावर एक माणूस बसवा आणि किती आले, कुठल्या भागातून आले, एवढं लिहून प्रायोजकाला द्या. फलकाचा फोटो सगळेच पाठवतात.

सांधेजोड

नावं नकोत, हे मी अनुभवातून सांगते. माझी फिजिओथेरपीची जागा आहे. एका स्पर्धेच्या आयोजकांनी खेळाडूंचे फोन नंबर मला प्रायोजकत्वासोबत "भेट" म्हणून दिले. मी सगळ्यांना संदेश पाठवला. पहिल्याच दिवशी चिडलेले फोन आले. "माझा नंबर तुम्हाला दिला कुणी?" खेळाडूंनी तो देताना अशी संमती दिलीच नव्हती. त्या स्पर्धेतून रुग्ण किती आले हे मोजायचं मनच राहिलं नाही.

पुढच्या वेळी फलक नको म्हटलं आणि मैदानाच्या कडेला टेपिंग करून द्यायला बसले. ज्यांचा घोटा मी बांधला त्यांच्यातले काही आजही येतात. हिशेब मांडलेला नाही, पण नाव न विचारता ओळखते अशी सात-आठ माणसं आहेत.

दुरून

माझा मुलगा ज्या संघात खेळतो, त्या संघाच्या कपड्यांचा खर्च मी करतो. वसुली कसली बघायची? आनंदासाठी देतो.

आकडेमोड

मग ते घरखर्चात लिहा, जाहिरातखर्चात नको. दोन्ही चांगलं आहे. गोंधळ होतो तो आनंदासाठी द्यायचं आणि वर्षाअखेरी "जाहिरातीचा उपयोग होत नाही" म्हणायचं, यात.

ट्रॉलीवाले

स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या आणि कपाटं बनवतो. आमच्याकडे काचघरांची पद्धत चालत नाही. माणूस आज फलक बघतो आणि दोन वर्षांनी घर घेतलं की येतो. सहा आठवड्यांत काही दिसणारच नाही. म्हणून माप घ्यायला गेलो की मी प्रत्येकाला विचारतो, आमच्याबद्दल कुठे कळलं? सहा वर्षं विचारतोय.

एका संगीतमहोत्सवाला सलग चार वर्षं पैसे दिले. दर वर्षी पाच-सात जण म्हणायचे, "महोत्सवात नाव बघितलं." पाचव्या वर्षी हात आखडता होता, नाही दिले. त्या वर्षीही सहा जण म्हणाले, "यंदा महोत्सवात तुमचं नाव बघितलं." यंदा! फलक नव्हताच. आता हे चार वर्षांचं साचलेलं काम म्हणायचं, की लोक विचारल्यावर जे आठवेल ते सांगतात म्हणायचं?

आकडेमोड

दोन्ही असू शकतं. विचारताना "कुठे बघितलं?" ऐवजी "आमच्याकडे यायचं कसं ठरलं?" असं विचारून बघा. बरेचदा मग शेजाऱ्याचं नाव निघतं.

ट्रॉलीवाले

निघेलही. पण त्या शेजाऱ्याने महोत्सवात बघितलं असेल तर?

दोनचाकी

काचघर, मग तुम्ही यंदा काय ठरवलंत?

काचघर

मुख्य प्रायोजकत्व नाकारलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी धावपटू आपला क्रमांक न्यायला येतात, तिथे फक्त टेबल मागितलं. गेल्या वर्षी मोफत तपासणी केलेल्यांपैकी बरेच जण आले होते, फलकाचं कुणी बोललंही नव्हतं. रक्कम ४० वर आली, बाकी खर्च २५. कूपनावर "पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी" असं छापलं आहे. नव्या माणसामागे वर्षभरात मला साधारण पावणेपाच भाग उरतात, म्हणजे ६५ वसूल व्हायला १४ नवी माणसं लागतील. तो १४ चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे, नंतर स्वतःची समजूत काढता येऊ नये म्हणून. स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे.

दोनचाकी

मी आयोजकांना आज एवढंच विचारलं, गेल्या वर्षी दारावर कुणी मोजलं होतं का? "विचारून सांगतो" म्हणाले.